‘उकडून खा’ म्हणजे नेमके काय? : पथ्यलेखनातील पाकक्रियावाचक क्रियापदे

औषधाची मात्रा लिहिताना आपण ग्रॅमचा दहावा भागही सांभाळतो. पथ्य लिहिताना मात्र ‘हलके खावे’, ‘तळलेले टाळावे’, ‘उकडून खावे’ अशा दोन-तीन शब्दांवर थांबतो. या शब्दांतील क्रियापद म्हणजे एक संपूर्ण कृती असते, आणि ती कृती रुग्णाच्या घरी आपल्या मनातल्याप्रमाणेच होईल असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत किती चुकीचे ठरू शकते, याचा धडा आम्हांस आमच्याच चिकित्सालयात मिळाला. त्या अनुभवापासून प्रारंभ करून स्वयंपाकघरातील काही मराठी क्रियापदांचा नेमका अर्थ येथे पाहावयाचा आहे.

एक चुकलेले पथ्यपत्रक

साठीतील एक निवृत्त गृहस्थ मलावष्टंभ आणि अरुची या तक्रारींसाठी आमच्याकडे येत असत. दीर्घकाळच्या मधुमेहातून त्यांचे वृक्क दुर्बल झाले होते व त्यासाठी वृक्करोगतज्ज्ञांची चिकित्सा चालूच होती. रक्तातील पोटॅशियम ५.१, म्हणजे काठावर होते. तज्ज्ञांनी आहारातील पोटॅशियम कमी ठेवावयास सांगितले होते आणि आम्हीही त्याला अनुसरून पत्रकावर लिहिले : ‘सर्व भाज्या व कंद उकडून खावेत.’

एक महिन्याने तपासणी झाली, तेव्हा पोटॅशियम ५.८ आले. पथ्य मोडले गेले असावे असे वाटून आम्ही सूनबाईंना विचारले. त्या किंचित दुखावून म्हणाल्या, “डॉक्टर, बाबांना एकही भाजी मी कच्ची किंवा तळून दिलेली नाही. सगळं कुकरमध्ये उकडूनच देते.”

कसे उकडता, हे विचारल्यावर सारा उलगडा झाला. कुकरच्या तळाशी पाणी, त्यावर वरणभाताचे डबे आणि सर्वांत वरच्या डब्यात पाणी न घालता ठेवलेले सालासकट अख्खे बटाटे किंवा चिरलेली भाजी. तीन शिट्ट्या झाल्या की डबा काढावयाचा आणि डब्यात जे थोडे पाणी सुटले असेल ते ‘सत्त्व जाऊ नये’ म्हणून भाजीतच घालावयाचे. त्यांनी आमचा शब्द तंतोतंत पाळला होता. मराठीत बटाटे कुकरला लावणे यालाही ‘उकडणे’ असेच म्हणतात. आम्हांस अभिप्रेत होते ते मात्र भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून देणे. चूक रुग्णाची नव्हती. आमच्या क्रियापदाची होती.

क्रियापदात दडलेले ‘करण’

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची जी आठ विशेषायतने सांगितली, त्यांत प्रकृतीनंतर लगेच ‘करण’ येते. करण म्हणजे संस्कार, आणि संस्कार म्हणजे द्रव्यात नवा गुण उत्पन्न करणे. जल आणि अग्नी यांचा संनिकर्ष हा त्यातील प्रमुख संस्कार होय. सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात याचे मार्मिक उदाहरण आहे. व्रीही स्वभावतः गुरू, पण त्याच्या लाह्या लघू होतात. उलट सातू लघू, पण त्याचे शिजविलेले पिंड गुरू होतात. द्रव्य एकच राहते, क्रिया बदलली की गुण बदलतो.

ही क्रिया सांगण्यासाठी संस्कृत ग्रंथांत बहुतेक ठिकाणी दोन शब्द भेटतात : ‘स्विन्न’ आणि ‘भृष्ट’. पाणी वा वाफ यांच्या योगाने झालेला पाक तो स्विन्न, आणि कोरड्या उष्णतेने किंवा स्नेहात झालेला तो भृष्ट. मराठी स्वयंपाकघराने या प्रत्येक शब्दाचे आणखी चार तुकडे केले आहेत. म्हणून ग्रंथातील ‘स्विन्न’चे भाषांतर करताना कोणते मराठी क्रियापद घ्यावयाचे, हा निर्णय वैद्याने जाणीवपूर्वक घ्यावा लागतो.

हा निर्णय घेताना प्रत्येक क्रियापदाला आम्ही चार प्रश्न विचारतो. उष्णता कशातून पोचते : पाणी, वाफ, स्नेह की कोरडे भांडे? ते माध्यम किती? भांडे उघडे की झाकलेले? आणि क्रिया संपली हे कशावरून ओळखावयाचे? या चारांची उत्तरे मिळाली, तरच त्या क्रियापदाची आज्ञा पूर्ण होते.

स्विन्न गट : उकळणे, उकडणे, वाफवणे, शिजवणे

‘उकळणे’ हे मुळात द्रवाचे क्रियापद आहे. पाणी उकळते, दूध उकळते, आमटी उकळते. त्यात द्रव्याच्या मऊपणाचा उल्लेख नाही आणि शेवटी किती द्रव उरावा याचाही नाही. म्हणून ‘भरड उकळून प्या’ ही काढ्याची सूचना अपुरी ठरते. शार्ङ्गधराच्या परिभाषेप्रमाणे क्वाथासाठी द्रव्याच्या सोळापट पाणी घेऊन अष्टमांश उरवावयाचे; म्हणजे १० ग्रॅम भरडीला १६० मिलिलिटर पाणी आणि शेष २० मिलिलिटर. रुग्ण एक उकळी आली की गॅस बंद करतो आणि कपभर फिकट पाणी पितो, कारण आपण त्याला केवळ ‘उकळा’ म्हणालो. येथे योग्य क्रियापद ‘आटवणे’ हे आहे. आटवणे म्हणजे भांडे उघडे ठेवून, मंद आचेवर, ठरलेला शेष उरेपर्यंत पाणी उडवणे. ‘आटवा’ म्हटले की ‘किती?’ हा प्रश्न आपोआप येतो, आणि तोच आपल्याला हवा असतो.

‘उकडणे’ हे या गटातील सर्वांत फसवे क्रियापद होय, कारण त्यात तीन निरनिराळ्या क्रिया राहतात. पहिली, अख्खे द्रव्य पाण्यात बुडवून मऊ करणे : अंडी उकडणे, पातेल्यात रताळी उकडणे. दुसरी, वाफेवर शिजवणे : मोदक उकडतात ते पाण्यात नव्हे, तर मोदकपात्राच्या चाळणीवर, पाण्याचा स्पर्श होऊ न देता. तिसरी, पीठ आधणाच्या पाण्यात घालून, झाकून, त्याची ‘उकड’ काढणे. मोदकाची पारी या तिसऱ्या क्रियेने होते आणि भरलेला मोदक दुसऱ्या क्रियेने तयार होतो; म्हणजे ‘उकडीचा मोदक उकडला’ या एका वाक्यात दोन भिन्न संस्कार आहेत. कोकणात व गोमंतकात घरोघरी असणारा उकडा तांदूळ हे आणखी एक रूप. तेथे भात म्हणजे साळ, टरफलासकट उकडून, वाळवून मग सडतात. पाक तांदळाचा नव्हे तर धान्याचा झालेला असतो.

यातील फरक केवळ शब्दांचा नाही. द्रव्य पाण्यात बुडून असले, की त्यातील पाण्यात विरघळणारे अंश बाहेर पडतात आणि पाणी टाकले की तेही जातात. वाफेवर मात्र विरघळून नेणारे पाणीच नसते, त्यामुळे जवळजवळ सर्व आतच राहते. वाग्भटाचार्यांनी अन्नस्वरूपविज्ञानीय अध्यायात पालेभाज्या स्विन्न करून, रस पिळून काढून, भरपूर स्नेहात सिद्ध कराव्यात म्हणजे त्या फारशा दोषकर होत नाहीत, असे सांगितले. तेथील स्विन्न म्हणजे ‘उकडून, पाणी पिळून टाकणे’ हे उघड आहे. ‘वाफवलेली’ पालेभाजी त्या अर्थाने स्विन्न नव्हे.

‘वाफवणे’ याचीही दोन रूपे आहेत. एक बाहेरच्या वाफेवर : चाळणी, मोदकपात्र, इडलीपात्र किंवा कुकरमधील पाणी न घातलेला डबा. दुसरे स्वतःच्याच ओलाव्यावर : फोडणीत भाजी घालून, वर खोलगट झाकण ठेवून, त्या झाकणात पाणी ओतून ‘एक वाफ आणणे’. झाकणावरच्या पाण्याने झाकणाची आतली बाजू तुलनेने थंड राहते. वाफ तेथे थिजून थेंबाथेंबाने परत भाजीत पडते आणि पाणी न घालता भाजी करपत नाही. दुसऱ्या रूपात स्नेह आहे, पहिल्यात नाही. स्नेह वर्ज्य असलेल्या रुग्णास नुसते ‘वाफवून’ म्हटले, तर घरची गृहिणी दोन चमचे तेलाच्या फोडणीत वाफ आणील आणि ते तिच्या दृष्टीने बरोबरच असेल.

‘शिजवणे’ यात पाणी द्रव्यात शोषले जाते आणि द्रव्य आतपर्यंत मऊ होते. येथे मोजमाप पाण्याचे आहे. परिभाषेत अन्न पाचपट, विलेपी चौपट, यवागू सहापट आणि मंड चौदापट पाण्यात सिद्ध करावयास सांगितला आहे. रुग्णाला ‘मऊ भात’ सांगण्यापेक्षा ‘एक वाटी तांदळाला सहा वाट्या पाणी’ सांगणे अधिक सोपे व अधिक शास्त्रीय.

याच्याच शेजारी एक क्रियापद बहुतेक घरांतून नाहीसे झाले आहे, ते म्हणजे ‘वेळणे’. पूर्वी भात भरपूर पाण्यात शिजवून, तोंडावर वेळणी धरून, पेज गाळून काढीत. त्याला भात वेळणे म्हणत. चरकाचार्य ज्या ओदनाला लघू म्हणतात, तो चांगला धुतलेला, पाणी निथळलेला, नीट शिजलेला आणि गरम असा आहे. न धुतलेला, न निथळलेला, अर्धवट शिजलेला व थंड झालेला ओदन गुरू. कुकरमध्ये ‘लावलेला’ भात निथळला जात नाही. त्यातील सर्व पेज त्यातच राहते. मंदाग्नीच्या रुग्णाला ग्रंथाधारे ओदन लघू म्हणून देताना, त्याच्या ताटातील भात त्या वर्णनातला नाही हे ध्यानात ठेवावे. अशा वेळी आम्ही ‘भात कुकरला न लावता पातेल्यात शिजवून पेज काढून टाकावी’ असे पूर्ण वाक्य लिहितो. वयस्कर आजीबाई घरात असतील, तर नुसते ‘भात वेळून द्या’ म्हटले तरी पुरते.

त्याच रुग्णाचे दुसरे पत्रक

आता पुन्हा त्या गृहस्थांकडे वळू. चूक लक्षात आल्यावर आम्ही प्रथम त्यांच्या वृक्करोगतज्ज्ञांना अहवाल कळविला, ५.८ हा आकडा केवळ पथ्य सुधारून वाट पाहण्याचा नव्हे. त्यांनी औषधांत बदल केला. आम्ही पत्रक बदलले. जुन्या एका ओळीच्या जागी पाच ओळी आल्या :

१. बटाटा, सुरण, रताळे यांची साल काढावी व अर्ध्या इंचाहून लहान फोडी कराव्यात.
२. फोडींच्या किमान पाचपट पाणी उघड्या पातेल्यात उकळत ठेवून त्यात फोडी सोडाव्यात.
३. फोड बोटांनी दाबल्यावर सहज दबेपर्यंत उकडाव्यात.
४. ते पाणी पूर्ण निथळून टाकावे. आमटीत, कणकेत, सुपात वापरू नये.
५. मग अर्धा चमचा तेलाच्या फोडणीत परतून खाव्यात. प्रमाण दिवसातून अर्धी वाटी, त्याहून अधिक नाही.

पालेभाजीसाठीही हीच रीत : चिरून, भरपूर पाण्यात उकडून, पिळून, मग परतणे. सूनबाईंनी विचारले, “मग नुसती रात्रभर पाण्यात भिजवून ठेवली तर?” नुसते भिजवणे पुरत नाही. बटाट्यावर झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भिजवण्याने पोटॅशियममध्ये विशेष फरक पडला नाही. लहान चौकोनी तुकडे करून पाण्यात उकळल्यावर मात्र ते सुमारे निम्म्याने उतरले आणि किसून उकळल्यावर त्याहूनही अधिक. साल, फोडीचा आकार आणि पाण्याचे प्रमाण यांनी परिणाम का बदलतो, हे यावरून समजते. अख्खा बटाटा सालासकट पाण्यात उकडला, तरी फारसे बाहेर येत नाही. साल अडसर होते आणि पाण्याला भिडणारा पृष्ठभाग कमी असतो.

पुढच्या महिन्यात पोटॅशियम ४.९ आले. हा सर्व क्रियापदाचा गुण असे आम्ही म्हणणार नाही; औषधही बदलले होते. परंतु आधीच्या महिन्यात औषध तेच असताना आकडा चढला होता, आणि त्या काळात रोजच्या ताटात बदललेली मुख्य गोष्ट म्हणजे आमच्या सल्ल्यावरून वाढलेल्या ‘उकडलेल्या’ भाज्या, ही वस्तुस्थिती आहे.

याच रीतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाणी टाकताना केवळ पोटॅशियम जात नाही. पाण्यात विरघळणारी काही जीवनसत्त्वेही जातात. म्हणून ही रीत वृक्करुग्णासाठी आहे. पांडुरोगी, सूतिका किंवा वाढीच्या वयातील बालक यांना भाजी ‘उकडून पाणी टाकून’ सांगण्याचे कारण नाही; त्यांना ‘वाफवून’ हेच योग्य.

भृष्ट गट : भाजणे, शेकणे, परतणे, तळणे

‘भाजणे’ म्हणजे पाणी आणि स्नेह या दोहोंवाचून, कोरड्या उष्णतेने पाक करणे. शेंगदाणे, जिरे, डाळी कढईत भाजतात. वांगे आणि पापड निखाऱ्यावर किंवा जाळावर भाजतात. शेवट ओळखण्याची खूण गंध आणि रंग : दाणा खमंग वास देतो, रंग एक छटा गडद होतो, दाताखाली कुरकुरतो. भाकरीही आपण ‘भाजतो’. परंतु तिची क्रिया पाहिली, तर तव्यावर टाकताच वरच्या बाजूला पाणी फिरवतात, उलटून दुसरी बाजू भाजतात आणि शेवटी थेट जाळावर धरतात. आतील पाण्याची वाफ होऊन पापुद्रा सुटतो. म्हणजे बाहेरून भृष्ट आणि आतून स्विन्न असा दुहेरी पाक एका क्रियापदात आहे. फुगलेली भाकरी आणि न फुगलेली भाकरी यांच्या पचनातील अंतर रुग्ण स्वतः सांगतात, त्याचे कारण हेच.

अग्नीचे साधन बदलले की गुण बदलतो, हे वाग्भटाचार्यांनी फार नेमकेपणाने नोंदविले आहे. एकाच पिठाचे अपूप कुकूल, कर्पर, भ्राष्ट्र, कंदू आणि अंगार यांवर भाजले असता उत्तरोत्तर लघू होतात. कोंड्याच्या धुमसत्या आगीतील अपूप सर्वांत गुरू आणि रसरशीत निखाऱ्यावरील सर्वांत लघू. आजच्या भाषेत, ‘भाजणे’ हे एकच क्रियापद असले तरी कशावर भाजले हे विचारल्याखेरीज लघुगुरुत्व ठरत नाही.

‘शेकणे’ आणि भाजणे यांची सरमिसळ अनेक घरांत होते. तरीही शेकण्यात ऊब देण्याचा अर्थ प्रधान आहे. पोट शेकतो, पाठ शेकतो, तशीच सादळलेली पोळी किंवा पाव तव्यावर शेकतो. द्रव्य आधीच शिजलेले असते. शेकण्याने केवळ वरचा ओलावा जातो, नवा पाक होत नाही. त्यामुळे शिळी पोळी शेकून घेतली म्हणून ती ताज्या भाजलेल्या पोळीच्या गुणांची होत नाही.

‘परतणे’ यात स्नेह थोडा, द्रव्य त्यात बुडत नाही, आणि हात सतत चालू असतो. परतणे म्हणजे मुळात उलटणे, फिरवणे. क्रियेचे नावच हाताच्या हालचालीवरून आले आहे. प्रत्येक कणाला स्नेहाचा हात लागतो आणि कोणताही कण तळाला बसत नाही. रवा कोरडा ‘भाजणे’ आणि तुपात ‘परतणे’ यांत स्नेहाचा हिशेब पूर्ण वेगळा असला, तरी बोलताना दोन्हीला ‘रवा भाजला’ असेच म्हणतात. शिऱ्याचा रवा ‘भाजला’ म्हणजे बहुधा तुपात.

‘तळणे’ यात द्रव्य स्नेहात बुडते वा तरंगते. पुरी तेलात सोडताच बुडबुडे उठतात, ते तेलाचे नसून पुरीतील पाण्याच्या वाफेचे असतात. वाफ बाहेर येत असेपर्यंत तेल आत फारसे शिरत नाही. बुडबुडे मंदावले की आतील पाणी संपत आले व पदार्थ झाला असे समजावे. तेल पुरेसे तापलेले नसेल, तर वाफेचा जोर राहत नाही, पदार्थ बराच काळ तेलात पडून राहतो आणि तेलकट होतो. बाहेर काढल्यावर पदार्थ निवू लागतो, तसे पृष्ठभागावर चिकटलेले तेल आत ओढले जाते; म्हणून झाऱ्यावर लगेच निथळणे हा तळण्याचाच भाग आहे.

परतणे आणि तळणे यांच्या मध्ये एक क्रिया आहे, जिला मराठीत स्वतंत्र एकेरी क्रियापद नाही. थालीपीठ, धिरडे, घावन यांत तव्यावर पदार्थ टाकून कडेने व भोकांतून ‘तेल सोडतात’. आपण त्यालाही ‘भाजणे’ म्हणतो. येथेच दुसरा घोटाळा होतो. कावीळ नुकतीच उतरलेल्या एका तरुणास आम्ही ‘तळलेले बंद, भाजलेले चालेल’ असे सांगितले होते. तो रोज सकाळी भाजणीचे थालीपीठ खात होता. नावात ‘भाजणी’, कृती तव्यावर ‘भाजण्याची’. पण एका थालीपिठात दोन-तीन चमचे तेल. भाजणीतील धान्ये व डाळी कोरड्या भाजलेल्या असतात हे खरे, परंतु नाव पिठाचा पहिला संस्कार सांगते, शेवटचा नाही. आता आम्ही ‘तेल न सोडता भाजलेले’ असे लिहितो.

औषधनिर्माणातील ‘भृष्ट’

औषधनिर्मात्या बंधूंना हा प्रश्न अधिक जवळचा वाटेल, कारण पाठातील ‘भृष्ट’ शब्दाचे कारागिराला मराठीत सांगताना कोणते क्रियापद वापरले, यावर घाण्याचा दर्जा ठरतो. तीन उदाहरणे पुरेत.

हिंग्वाष्टक चूर्णातील हिंग तुपात भृष्ट घ्यावयाचा. कारागिराला ‘हिंग भाज’ म्हटले, तर तो कोरड्या कढईत टाकील. हिंग निर्यास असल्याने बाहेरून चिकटून करपतो आणि आत चिकट राहतो. ‘हिंग तळ’ म्हटले, तर तो तुपात तरंगवील. मग चूर्णाला तुपाचा अंश जास्त येतो, ते चाळणीतून उतरत नाही, गोळे धरते आणि काही आठवड्यांत खवट वास येऊ लागतो. योग्य आज्ञा ‘परत’ ही आहे : हिंगाचे हरभऱ्याएवढे खडे, त्यांना जेमतेम माखेल इतके तूप, मंद आच, हात चालू. खडे फुलतात, हलके होतात आणि निवल्यावर बोटांनी चुरले जातात, ही शेवटाची खूण. बोटाला चिकटले तर कच्चे. तपकिरी काळे होऊन जळका वास आला तर गेलेले. यासाठी हिरा हिंग घ्यावा. बांधानी हिंगात पीठ व डिंक मिसळलेले असतात आणि परतताना आधी ते पीठच भाजून तांबूस होते, त्यामुळे रंगावरून होणारी परीक्षा फसते.

एरंडभृष्ट हरीतकीत बाळहिरडे एरंडतेलात फुगेपर्यंत परतावयाचे. येथेही तेल माखण्यापुरते असावे. बाळहिरडे तेलात बुडवून तळले, तर प्रत्येक घाण्यात अंगाला राहणारे तेल निराळे, आणि एरंडतेल स्वतः विरेचक असल्याने त्याच मात्रेचा परिणामही निराळा होतो. हिरडा टपोरा फुगला की लगेच काढावा. फुगल्यानंतर कढईत राहिलेला हिरडा आतून करपतो.

टाकणखार मात्र भाजतही नाहीत आणि परततही नाहीत, तो ‘फुलवतात’. हे क्रियापद परिणामावरून आले आहे. टाकणखारात वजनाच्या सुमारे ४७ टक्के स्फटिकजल असते. तापल्यावर तो प्रथम त्या पाण्यातच वितळतो, मग फसफसून वर येतो आणि शेवटी पांढरी, हलकी लाही होते. म्हणून कढई रुंद घ्यावी व एका वेळी थोडाच टाकावा. शेवट डोळ्यांनी न ठरवता वजनाने ठरवावा : १०० ग्रॅम टाकणखाराची लाही ५३ ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. ती ६५ ग्रॅम भरली, तर १२ ग्रॅम पाणी अजून आत आहे. वरून पांढरी दिसणारी ती लाही खलात दमट लागते आणि त्या घाण्यातील प्रत्येक मात्रेत टंकण कमी पडते. तुरटीची लाहीही याच रीतीने करतात.

पत्रकावर काय लिहावे

छापील पथ्यपत्रकातील एकेरी क्रियापदांच्या जागी आम्ही गेली काही वर्षे पुढील पूर्ण वाक्ये वापरतो.

‘उकडून’ऐवजी : ‘भरपूर पाण्यात उकडून, पाणी टाकून’ अथवा ‘चाळणीवर वाफवून, पाण्याचा स्पर्श न होता’.
‘वाफवून’ऐवजी : ‘फोडणी न देता वाफवून’ अथवा ‘एक चमचा तेलाच्या फोडणीत वाफ आणून’.
‘भाजून’ऐवजी : ‘कोरडे भाजून’, ‘निखाऱ्यावर वा जाळावर भाजून’ अथवा ‘एक चमचा तुपात परतून’.
‘काढा उकळून’ऐवजी : ‘अमुक पाणी घालून, उघड्या भांड्यात, अमुक उरेपर्यंत आटवून’.
‘मऊ भात’ऐवजी : तांदूळ व पाणी यांचे वाट्यांतील प्रमाण आणि पेज ठेवावयाची की काढावयाची.

पत्रक हाती दिल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा, आणि तो स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला विचारावा : “हे तुम्ही घरी कसे कराल, ते मला सांगा.” उत्तरात भांडे कोणते, पाणी किती, तेल किती आणि झाकण आहे की नाही, हे चार मुद्दे आपोआप येतात. आमच्या त्या रुग्णाच्या सूनबाईंना हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी विचारला असता, तर कुकरमधील तो कोरडा डबा त्याच दिवशी कळला असता.